आरशातल्या फोटोत शर्ट बदलताना: अलीकडची बाही, पलीकडची बाही

मित्राने आरशासमोर स्वतःचा फोटो काढला होता. फोन उजव्या हातात, डावा हात आरशाखालच्या ओट्यावर टेकवलेला, अंगात गडद निळा टी-शर्ट. हा शर्ट बदलून पांढऱ्यावर बारीक निळ्या चौकडीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, असं त्याचं म्हणणं. मी छातीवरचा शर्ट अगदी मन लावून बसवला. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात त्याचा खरा हात थेट दिसत होता, त्यावर आरशातलीच बाही उचलून, मोठी करून ठेवून दिली. फोटो वाईट दिसत नव्हता, पण ज्याला दाखवावा तो त्या हाताकडेच बघायचा आणि म्हणायचा, ‘काहीतरी चुकलंय.’ काय चुकलंय ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

चुकलं होतं ते असं. आरशाच्या फोटोत एकच कपडा दोन जागांवरून पाहिलेला असतो. थेट दिसणारी बाही फोनच्या जागेवरून पाहिलेली असते. आरशातली बाही मात्र जणू आरशाच्या मागे, फोन जितका पुढे आहे तितक्याच मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याने काढलेली आणि मग आडवी उलटवलेली असते. म्हणजे ही वेगळी बाजू आणि वेगळं अंतर असलेली दोन दृश्यं आहेत. एकाची नक्कल करून दुसरं बनत नाही. कपड्याचे फोटोही त्यामुळे दोन लागतात, आणि दोन्ही एकमेकांशी कसे जुळवायचे हाच या कामातला खरा भाग आहे.

खालची सगळी पद्धत त्याच फोटोवर पुन्हा केलेल्या कामाची आहे. मी जिंप वापरतो, त्यामुळे मेनूंची नावं तिथली आहेत. लेयर आणि मास्क असलेल्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये हेच करता येतं.

आधी भिंग शोधा

कपड्याला हात लावण्याआधी फोटोत एक बिंदू शोधायचा. एखादी वस्तू आणि तिचं प्रतिबिंब जोडणारी रेषा प्रत्यक्षात आरशाला काटकोनात असते. अशा सगळ्या रेषा एकमेकींना समांतर असतात, आणि समांतर रेषा फोटोत एका बिंदूकडे धावतात, रुळांसारख्या. आरशातल्या सेल्फीत हा बिंदू वेगळा शोधावाही लागत नाही, कारण तो फोनच्या भिंगाच्या प्रतिबिंबावरच पडतो. भिंगापासून आरशाकडे काटकोनात जाणारी रेषा त्याच्याच प्रतिबिंबाला भेटते, म्हणून.

याचा अर्थ, कफचं खरं टोक आणि आरशातलं तेच टोक यांना जोडणारी रेषा पुढे वाढवली की ती भिंगातून गेली पाहिजे. कोपर, घड्याळ, बाटलीचं झाकण, सगळ्यांना हाच नियम. फोटोतली फसवाफसवी ओळखण्यासाठी हीच युक्ती वापरता येते, हे जेम्स ओब्रायन आणि हॅनी फरीद या अभ्यासकांनी २०१२ मध्ये सविस्तर मांडलं होतं. आपल्याला तीच उलट बाजूने वापरायची आहे, जुळवणी नीट व्हावी म्हणून.

फोनला मागे दोन-तीन भिंगं असतील तर फोटो कुठल्या भिंगाने काढला हे आठवत नसतं. त्यासाठी ओट्यावरच्या, न बदललेल्या दोन वस्तू घ्या. माझ्या फोटोत नळाचं टोक आणि साबणाच्या बाटलीचं झाकण आरशात आणि आरशाबाहेर, दोन्हीकडे दिसत होतं. एका रिकाम्या लेयरवर दोन सरळ रेषा काढल्या, प्रत्येक वस्तूपासून तिच्या प्रतिबिंबातून पुढे. त्या वरच्या भिंगावर येऊन मिळाल्या. हा लेयर शेवटपर्यंत पुसू नका.

रेषा एका जागी मिळत नसतील तर तीन शक्यता असतात. वस्तूवरचा आणि प्रतिबिंबातला बिंदू एकच नसेल, आणि ही चूक सर्वांत जास्त होते: झाकणाची अलीकडची कड आणि आरशातलीही ‘आपल्याला अलीकडे दिसणारी’ कड घेतली की फसगत होते, कारण आरशातली ती कड म्हणजे झाकणाची पलीकडची बाजू असते. दुसरी शक्यता, फोटो अतिरुंद भिंगाने काढलेला असून कडेच्या सरळ रेषा वाकल्या असतील. आणि तिसरी, आरसा दोन पल्ल्यांचा असेल. दोन पल्ले जरासे जरी तिरके असले तरी प्रत्येकाचा बिंदू वेगळा, आणि भिंग ज्या पल्ल्यात दिसतं त्यालाच ते लागू.

डावं-उजवं: अंगावरून बोला

आरशाच्या फोटोत डावा हात फोटोच्या डाव्या बाजूला असतो. समोरून काढलेल्या साध्या फोटोत तोच उजव्या बाजूला येतो. पुरुषांच्या शर्टाचा खिसा बहुधा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर, आणि बटणपट्टीत डावा पल्ला उजव्याच्या वर. म्हणजे आरशाच्या फोटोत खिसा फोटोच्या डाव्या बाजूला हवा आणि वरचा पल्लाही तिकडचाच. समोरून काढलेला शर्टाचा फोटो तसाच चिकटवला तर खिसा चुकीच्या छातीवर जातो. तो `Layer > Transform > Flip Horizontally` ने उलटवावा लागतो. छापील अक्षरं असतील तर तीही उलटी दिसली पाहिजेत. वाचता येत असतील तर काहीतरी राहून गेलंय.

पण थेट दिसणारा हात उलटवायचा नाही! तो आरशातून आलेलाच नाही. त्याची बाही सरळ फोटोतून घ्यायची. एकाच चित्रात एक तुकडा उलटा आणि एक सरळ, हे पहिल्यांदा करताना मन मान्य करत नाही, पण ते तसंच आहे.

आणखी एक खोच अशी की काही जण फोटो काढल्यावर तो उलटवून ठेवतात, मागच्या डब्यावरची अक्षरं सरळ दिसावीत म्हणून. तसं झालेलं असेल तर वरचं सगळं फिरतं. म्हणून आधी फोटोत कुठलंही अक्षर शोधा. आरशातलं अक्षर सरळ वाचता आलं आणि आरशाबाहेरचं उलटं दिसलं, तर फोटो उलटवलेला आहे. मी अशा वेळी आधी फोटो मूळ स्थितीत आणतो, काम करतो आणि शेवटी पुन्हा उलटवतो.

उजेडाचंही असंच. तुकडा उलटवला की त्यावरचा उजेडही उलटतो. यात गोंधळ होऊ नये म्हणून मी फोटोची डावी-उजवी बाजू विसरतो आणि फक्त अंगाची बाजू लक्षात ठेवतो. मित्राच्या डाव्या हाताला खिडकी होती. नवा शर्ट घालून फोटो काढतानाही खिडकी त्याच्या डाव्या हातालाच ठेवली. मग उलटवल्यावर उजेड आपोआप जागेवर आला.

दोन फोटो कसे काढायचे

शक्य असेल तर नवा शर्ट त्याच माणसाच्या अंगावर, त्याच पवित्र्यात घालून फोटो काढावेत. ‘मग तसाच आरशासमोर फोटो का नाही काढायचा?’ हा प्रश्न बरोबर आहे. काढता येत असेल तर जरूर काढावा. पण बहुतेक वेळा ती खोली, तो उजेड, चेहऱ्यावरचा तो भाव परत मिळत नाही.

पहिला फोटो आरशातल्या दृश्यासाठी. आरशामागचा कॅमेरा जिथे असता तिथून तो काढायचा, म्हणजे माणसासमोर, मूळ फोन ज्या उंचीवर होता त्याच उंचीवरून. अंतराचा हिशेब सोपा आहे: फोन ते आरसा, अधिक आरसा ते छाती. मित्राचा फोन आरशापासून साधारण ८० सेंटिमीटरवर होता आणि छाती ११५ वर. दोन्ही मिळून १९५, म्हणजे जवळजवळ दोन मीटर. ८० सेंटिमीटरवरून काढला तर छाती फुगलेली आणि खांदे मागे पडलेले दिसतील, मग कितीही ताणा, बसणार नाही.

दुसरा फोटो थेट दिसणाऱ्या हातासाठी. हा माणसाच्या स्वतःच्या नजरेतून: हात टेबलावर टेकवायचा आणि दुसऱ्या हातात फोन मूळ जागी धरून, कफपासून अर्ध्या मीटरवरून फोटो घ्यायचा.

दोन फोटोंमध्ये शर्ट काढून पुन्हा घालू नका आणि बाही मागे-पुढे सारू नका. कफ मनगटापासून किती वर आहे हे दोन्हीकडे एकच हवं. सुरकुत्यांचंही तसंच. कोपराच्या आतल्या बाजूला पडलेली ठळक घडी दोन्ही दृश्यांतून दिसते, आणि ती एकीकडे असून दुसरीकडे नसली तर डोळ्याला खटकते.

आकार आणि जागा: हिशेबाने बसवणं

आता मुख्य काम. कपडा फोटोत किती मोठा दिसेल हे त्याच्या अंतरावर ठरतं. दुप्पट दूर गेला की निम्मा. मित्राचा कफ आरशापासून ३० सेंटिमीटरवर होता. म्हणजे फोनपासून थेट अंतर ५० (८० वजा ३०), आणि आरशातून ११० (८० अधिक ३०). थेट दिसणारा कफ आरशातल्यापेक्षा २.२ पट मोठा दिसला पाहिजे.

अंतरं माहीत नसली तरी अडत नाही. मनगटाची रुंदी मूळ फोटोत दोन्हीकडे मोजा, `Measure` हे साधन त्यासाठीच आहे. घड्याळाची तबकडी मोजू नका, ती तिरकी दिसत असेल तर फसवते. गोल मनगट त्यामानाने प्रामाणिक. एक भागिले दुसरं केलं की गुणोत्तर मिळालं.

चौकडीच्या शर्टात ही चूक लगेच उघडी पडते, म्हणून चौकडीच मोजपट्टी म्हणून वापरायची. आरशातल्या छातीवर एक चौकट २० पिक्सेलची बसली होती. छाती १९५ सेंटिमीटरवर. मग आरशातल्या कफवर, ११० सेंटिमीटरला, चौकट २० गुणिले १९५ भागिले ११०, म्हणजे ३५ पिक्सेलच्या आसपास हवी. थेट कफवर, ५० सेंटिमीटरला, ती ७८ ची. पहिल्या प्रयत्नात मी थेट बाहीवर ५० पिक्सेलच्या चौकटी ठेवल्या होत्या. ‘काहीतरी चुकलंय’ मधलं एक काहीतरी ते होतं.

दुसरं याहून मजेशीर. थेट दिसणाऱ्या हातात मनगट लांब आहे आणि कोपर आपल्याजवळ, त्यामुळे चौकटी कोपराकडे मोठ्या होत जातात. आरशात उलट: मनगट आरशाजवळ, म्हणून आरशामागच्या कॅमेऱ्यालाही ते जवळ, आणि कोपर लांब. तिथे चौकटी कोपराकडे लहान होतात. मी आरशातली बाही मोठी करून थेट हातावर ठेवली होती, म्हणजे हात जवळ येतोय पण कापड लांब जातंय, असं चित्र तयार झालं होतं. दोन फोटो वेगवेगळे काढले की हे आपसूक सुटतं. कापडाचा एकच सपाट नमुना दोन्हीकडे ताणायचा असेल तर मात्र `Perspective` साधनाने हा निमुळतेपणा प्रत्येक बाहीला वेगळा द्यावा लागतो.

जागा ठरवायला भिंगाचा बिंदू. फोन आरशासमोर सरळ धरलेला असेल तर भिंगापासूनचं अंतरही त्याच गुणोत्तराने कमी होतं. थेट कफची वरची कड फोटोत भिंगापासून १५४० पिक्सेलवर होती. १५४० भागिले २.२ म्हणजे ७००. भिंगाकडे जाणाऱ्या रेषेवर, भिंगापासून ७०० पिक्सेलवर आरशातल्या कफची तीच कड हवी. माझी ७६० वर होती. साठ पिक्सेलचा फरक, म्हणजे आरशातली बाही मनगटावरून पुढे सरकून पंजाकडे गेलेली. `Warp Transform` ने तेवढीच कड मागे ढकलली. फोन तिरका धरलेला असेल तर हे अंतराचं गणित थोडं चुकतं, रेषेचा नियम मात्र तरीही टिकतो.

असे तीन-चार बिंदू तपासले की पुरतं: कफची कड, कोपरावरची घडी, बाहीची शिवण दोन्हीकडे दिसत असेल तर तिचा एखादा बिंदू. प्रत्येक चौकट जुळवायला बसू नका. थेट दृश्यातल्या बऱ्याचशा चौकटी आरशात दिसतच नाहीत, त्या हाताच्या दुसऱ्या बाजूला आहेत.

उजेड, रंग, धूसरपणा

इथे बहुतेकांचा हात सवयीने चुकतो. प्रतिबिंब म्हणजे थोडं काळपट, असं धरून आरशातला कपडा गडद केला जातो. पण आरशावर दिवा असेल तर तो शरीराच्या समोरच्या बाजूवर पडतो, आणि तीच बाजू आरशात दिसते. थेट दिसणारी बाजू आपल्याकडची, सावलीतली. अशा फोटोत आरशातली बाही थेट बाहीपेक्षा उजळ असते. अंदाज करू नका, मूळ फोटोतला हात बघा. पंजाची कातडी आरशात जितकी उजळ आणि बाहेर जितकी गडद, तितकाच फरक दोन्ही बाह्यांत हवा.

आरशाचा स्वतःचा परिणाम लहान आहे. साध्या काचेत लोखंडाचा अंश असतो, त्यामुळे प्रतिबिंबाला किंचित हिरवट झाक येते. निळ्या टी-शर्टात ती कळलीही नसती, पांढऱ्या शर्टात कळते. बाटलीचं पांढरं झाकण दोन्हीकडे दिसत होतं, ते मोजमाप म्हणून घेतलं आणि `Colors > Curves` मध्ये आरशातल्या शर्टाचा लाल जरासा उतरवला. जरासाच. डोळ्याला हिरवा दिसला तर जास्त झाला.

धूसरपणा अंतरावरच ठरतो. फोन छातीच्या प्रतिबिंबावर फोकस झालेला असतो, म्हणजे दोन मीटरवर, आरशाच्या काचेवर नव्हे. अर्ध्या मीटरवरची थेट बाही त्यामुळे मऊ दिसते. किती मऊ, ते पंजाच्या कडेवरून बघायचं आणि तेवढाच `Gaussian Blur` द्यायचा. कोपराकडे थोडा जास्त. आरशावरचे पाण्याचे डागही याच कारणाने किंचित पसरट असतात.

त्या डागांचं काय करायचं? ते कपड्याच्या पुढे आहेत, तेव्हा राहिलेच पाहिजेत. पण निळ्या टी-शर्टावर ते फिकट ठिपके म्हणून दिसत होते. पांढऱ्या शर्टावर तेच डाग जवळजवळ नाहीसे होतात, एखाददुसरा किंचित करडा दिसतो. जुन्या फोटोतून उचलून तसेच ठेवले तर पांढऱ्यावर पांढरे ठिपके पडतात, किंवा कडा उगाच उठून दिसतात. मी ते नवीन लेयरवर फिकट करड्या रंगाने, अगदी कमी अपारदर्शकतेने पुन्हा टिपले.

गडदाचं पांढरं करताना शेजारच्या वस्तूही बदलतात. पांढरा शर्ट हनुवटीखाली उजेड फेकतो, म्हणून तिथली सावली थोडी हलकी करावी लागते. नळ चकचकीत असेल तर त्यात शर्टाचा एक पट्टा असतो. त्याचा आकार वेडावाकडा असल्यामुळे तो कुणी तपासत नाही, पण तिथे गडद निळा राहिला की लक्ष जातं. फक्त रंग बदला, आकार तसाच राहू द्या. चष्म्याच्या काचा आणि फोनची चकचकीत पाठ एकदा मोठी करून बघा, बस्स.

दुकानाची काच: इथे प्रतिबिंब झाकत नाही, मिसळतं

रेषांचा नियम दुकानाच्या काचेलाही लागू आहे. फरक एवढाच की फोटो सहसा दुसऱ्या कुणीतरी बाजूने काढलेला असतो, भिंग काचेत दिसत नाही आणि रेषा फोटोच्या बाहेर कुठेतरी मिळतात. त्यासाठी `Image > Canvas Size` ने कॅनव्हास मोठा करून घ्या आणि बुटाचं टोक, पिशवीचा कोपरा अशा जोड्यांवरून तो बिंदू काढा. माणूस काचेशेजारी उभा असेल तर काचेत त्याची आपल्याला न दिसणारी बाजू असते, त्यामुळे कपड्याचा दुसरा फोटो इथेही लागतोच.

मोठा फरक काचेचा आहे. आरसा मागचं काही दाखवत नाही. साधी काच सरळ समोरून पाहिली तर प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते, दोन्ही मिळून ८ च्या आसपास. तिरकं पाहिलं की प्रमाण वाढतं. साठ अंशांच्या कोनात ते साधारण दुप्पट होतं. आणि हा परतलेला प्रकाश आतून येणाऱ्या प्रकाशात मिसळतो, त्याला झाकत नाही. म्हणून काचेतला कपडा `Normal` मोडमध्ये अर्धपारदर्शक करून ठेवणं चूक आहे. तसं केलं की काळं जॅकेट दुकानातला दिवा मंद करतं, आणि प्रत्यक्षात काळं जॅकेट काहीच मंद करत नाही. मोड `Addition` किंवा `Screen` हवा.

आकड्यांत बघू. समजा शर्ट थेट फोटोत पूर्ण पांढरा, २५५ आहे आणि काचेत त्याचा ८ टक्के प्रकाश येतो. आत काळोख असेल तर तिथे सुमारे ८० मूल्याचा करडा शर्ट दिसेल, कारण चित्रातली मूल्यं प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतात. आत उजळलेली, १८० मूल्याची भिंत असेल तर तोच शर्ट तिला जेमतेम १९४ पर्यंत नेईल, म्हणजे जवळजवळ दिसणारच नाही. गडद निळं जॅकेट काळोखातही ८ च्या आसपास राहील, म्हणजे नसल्यासारखंच. फोन स्वतःची प्रक्रिया करतो म्हणून हे आकडे तुमच्या फोटोत नेमके निघणार नाहीत, पण चढ-उतार असाच असेल: एकच शर्ट पुतळ्याच्या काळ्या कोटावर स्पष्ट आणि दिव्यापाशी गायब. सगळीकडे सारखा दिसला तर मोड चुकलाय.

त्यामुळे गडदाचं फिकट करणं सोपं आहे. नवा शर्ट `Addition` मध्ये ठेवा, अपारदर्शकता ८ टक्क्यांपासून सुरू करा आणि चेहऱ्याचं प्रतिबिंब थेट चेहऱ्याच्या मानाने जितकं फिकट आहे तितकं जुळेपर्यंत वाढवा. काच दुहेरी असेल तर जरा बाजूला सरकलेली दुसरी प्रतिमाही असते. चेहऱ्याच्या कडेला ती दिसली तर शर्टाचा लेयर दोनदा लावा, तेवढ्याच सरकवणुकीने.

फिकटाचं गडद करणं हे अवघड काम. पांढऱ्या शर्टाने मिसळलेला प्रकाश आता वजा करायचा आणि मागचं दुकान उघडं करायचं. जुन्या शर्टाच्या आकारात `Subtract` मोडचा, गडद करड्या रंगाचा लेयर ठेवा. मग अशी एखादी कड शोधा जी शर्टाच्या आतून निघून प्रतिबिंबातल्या गडद पँटपर्यंत जाते, पुतळ्याचा खांदा किंवा कपाटाची फळी. शर्टाखालची फळी आणि पँटखालची फळी सारख्या गडद दिसेपर्यंत रंग कमी-जास्त करा. पँट गडद असल्यामुळे तिच्याखाली दुकान जवळपास खरं दिसतं, तेच आपलं मोजमाप. फळीचा आकृतीबाहेरचा भाग मोजमाप म्हणून घेऊ नका, कारण तिथे रस्त्याचं प्रतिबिंब मिसळलेलं असतं. माणूस मागच्या रस्त्याचं प्रतिबिंब अडवतो, म्हणून गडद कपड्यातला माणूस काचेत खिडकीसारखा असतो: त्याच्या आकारातून दुकान सर्वांत स्वच्छ दिसतं.

नंतर त्याच जागी उभं राहून काचेचा रिकामा फोटो काढून आणला तरी तो सरळ वापरता येत नाही, तेही याच कारणाने. त्यात माणसाच्या जागी रस्ता आलेला असतो. अंगापेक्षा मोठं काळं कापड धरून कुणाला तरी तिथे उभं करा आणि तसा फोटो घ्या. मग दुकान मिळतं.

वजाबाकीला एक मर्यादा आहे. पांढऱ्या शर्टावर ऊन होतं आणि मागे दिवा होता, अशा जागी मूल्य २५५ ला जाऊन अडकलेलं असतं. तिथून काहीही वजा केलं तरी मागचं दुकान निघत नाही, सपाट करडा डाग निघतो. `Colors > Threshold` ची खालची मर्यादा २५० वर ठेवून बघा. शर्टाच्या आकारात मोठे पांढरे पट्टे उमटले तर काळं जॅकेट सोडून द्या आणि फिकट रंगाचाच दुसरा कपडा निवडा.